विंचवाच्या लशीचा अभ्यास: ३५ पैकी ३२, आणि ४ विरुद्ध ५. हे आकडे वाचायचे कसे?

रात्रपाळी
नमस्कार. मी जालना जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. पाऊस पडून उघडीप झाली की आमच्याकडे विंचवाचे पेशंट वाढतात. कुणी गोवऱ्या काढायला हात घातलेला असतो, कुणी कडब्याची पेंढी उचललेली असते. मागच्या आठवड्यात नऊ वर्षांचं पोरगं आणलं. सदरा पिळून काढावा इतका घामानं भिजलेला, हातपाय बर्फासारखे गार, दोनदा ओकलं. डॉक्टरांनी प्राझोसीनची गोळी दिली आणि पुढं पाठवलं. पोरगं वाचलं.

त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी मला एका अभ्यासाची प्रिंट दिली आणि म्हणाले, सिस्टर, हे वाचा, महिन्याच्या मीटिंगमध्ये आशाताईंना सांगायचंय. अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा. (हिंमतराव मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले, देहेड गावचे, म्हणून जरा जास्तच आपुलकीनं वाचायला घेतला.) विष अंगात भिनल्याची लक्षणं होती, पण हृदय, श्वास आणि मेंदू अजून ठीक होते, असे ७० पेशंट. सगळ्यांना प्राझोसीन. त्यातल्या ३५ जणांना सोबत विंचवाचं प्रतिविष, म्हणजे आपण लस म्हणतो ते. दहा तासांत पूर्ण बरे झाले: लसवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ३५ पैकी ८.

इथपर्यंत समजलं. पुढं प्रत्येक आकड्यामागं "९५ टक्के सीआय" म्हणून दोन आकडे येतात. डॉक्टर म्हणतात पी व्हॅल्यू बघा. मी बारावीलाच गणित सोडलेलं. आणि खाली लिहिलंय की तब्येत आणखी बिघडलेले पेशंट दोन्ही गटांत सारखेच, ४ आणि ५. मग लशीचा उपयोग झाला की नाही झाला? कुणीतरी सावकाश समजावून सांगा.

लातूरकर७२
ताई, ही लस आमच्या सरकारी दवाखान्यात मिळती का? मागच्या साली माझ्या आईला इंगळी चावली तर नुसतं सलाईन लावून पाठवलं होतं.

रात्रपाळी
दादा, तुमच्या दवाखान्यात फोन करून साठा विचारा, तो ठिकाणानुसार बदलतो. आणि लहान लाल विंचू काळ्या मोठ्या इंगळीपेक्षा जास्त धोक्याचा, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा. इथं मला आकड्यांचंच विचारायचंय.

बीफार्म_नांदेड
सिस्टर, सोपं आहे. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली की औषध ९५ टक्के खात्रीनं काम करतं. जास्त आली की काम करत नाही. ०.०१ आली तर ९९ टक्के खात्री. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला असंच शिकवलंय. सीआय म्हणजे त्याच खात्रीचा पल्ला.

आकडेमोड
बीफार्मदादा, ०.०५ ही रेघ लोक वापरतात हे तुमचं बरोबर आहे. पण तिचा अर्थ तुम्ही सांगितला तसा नाही, आणि सिस्टरांना जी अडचण पडलीय ती नेमकी त्याच चुकीतून येते. मी परभणीचा. वैद्यकीय महाविद्यालयातल्या पोरांच्या प्रबंधांचे आकडे तपासण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सिस्टर, एक डबा घ्या. त्यात ७० चिठ्ठ्या टाका, एका पेशंटची एक. दोन्ही गट मिळून दहा तासांत बरे झाले ४०. म्हणून ४० चिठ्ठ्यांवर "बरा" लिहा, उरलेल्या ३० वर "नाही". आता घटकाभर असं धरा की लशीत काहीच दम नाही, नुसतं पाणी आहे. मग हे ४० जण कुठल्याही गटात गेले असते तरी बरे झालेच असते. कोण कुठल्या गटात पडला हा फक्त वाटणीचा भाग. तर डबा हलवा, डोळे मिटून ३५ चिठ्ठ्या काढा, आणि त्यांत "बरा" किती ते मोजा.

साधारण २० येतील. कधी १८, कधी २२. शंभर वेळा हा खेळ केला तर ९७ वेळा आकडा १६ ते २४ च्या आतच राहील. महाडला किती आला? ३२. मी हिशेब केला. निव्वळ वाटणीच्या योगानं एवढा किंवा याहून मोठा फरक, इकडून किंवा तिकडून, यायला हा डबा सतरा-अठरा कोटी वेळा हलवावा लागेल, तेव्हा कुठं एकदा येईल.

ते "किती वेळा" म्हणजेच पी व्हॅल्यू. औषध निरुपयोगी आहे असं आधी धरून चालायचं, आणि मग विचारायचं: तसं असतं तर आपल्याला दिसला एवढा फरक नुसत्या वाटणीनं कितीदा दिसला असता? शंभरातून तीनदा, तर पी ०.०३. इथं ती इतकी बारीक आहे की "वाटणीचा योग" हे कारण सोडून द्यायला हरकत नाही.

गोदाकाठ
सर, मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तुमचा डबा कॉम्प्युटरवर एक लाख वेळा हलवून बघितला:

```
import random
d = [1]*40 + [0]*30
n = 0
for i in range(100000):
    random.shuffle(d)
    if abs(sum(d[:35]) - 20) >= 12:
        n += 1
print(n)
```

उत्तर 0 आलं. एकदाही नाही.

बीफार्म_नांदेड
सर, चिठ्ठ्यांचं पटलं. पण मग मी काय वेगळं म्हणालो? शंभरातून पाचदाच चुकून येणार, म्हणजे ९५ टक्के खरं.

आकडेमोड
दादा, कानाला बरोबर वाटतं, म्हणूनच सगळे तिथं फसतात. एक उदाहरण मनात धरा. २०० नवी औषधं तपासायला आली. त्यातली १८० निरुपयोगी आणि २० खरी उपयोगाची, पण कुठली कोण हे आपल्याला माहीत नाही. ०.०५ ची रेघ लावली तर निरुपयोगी १८० पैकी ५ टक्के, म्हणजे ९ औषधं वाटणीच्या योगानं "पास" होतील. खऱ्या २० पैकी समजा १६ पास झाली, कारण अभ्यास लहान असले की काही खरी औषधंही हातून निसटतात. एकूण पास २५, त्यातली ९ पोकळ. प्रत्येकाची पी ०.०५ च्या आत आहे, तरी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खोटी. तुमच्या हिशेबानं २५ त एखादंच निघायला हवं होतं.

पी सांगते की औषध पोकळ असेल तर असा आकडा किती नवलाचा. औषध पोकळ असण्याची शक्यता किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी आधीपासून काय माहीत आहे ते जमेला धरावं लागतं. विंचवाच्या लशीत विषाला बांधणारं द्रव्य आहे हे प्रयोगशाळेत कळलेलं असतं. कुणी उद्या एखाद्या अंगाऱ्याची पी ०.०४ घेऊन आला तर दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

मोंढा
मी आडतीवर बसतो, शिक्षण जास्त नाही. पण तुम्ही जे सांगायलात ते आम्ही रोज करतो असं वाटायलंय. सोयाबीनच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, त्यात डागी किती ते बघायचं आणि सगळ्या पोत्याचा भाव करायचा. मूठभर दाण्यांत आठ टक्के डागी निघाले म्हणून पोत्यात नेमके आठच असतील असं कुणीच धरत नाही. सहा असतील, दहा असतील. ते दोन आकडे हेच का?

आकडेमोड
मामा, अगदी हेच. महाडचे ३५ पेशंट म्हणजे नळीतून आलेली मूठ, आणि असा विंचू चावलेले, अशीच लक्षणं असलेले सगळे पेशंट म्हणजे पोतं. मुठीत ३२ बरे झाले, म्हणजे ९१ टक्के. पण पोत्यातला खरा आकडा ९१ च असेल कशावरून? दुसरे ३५ आले असते तर ३० झाले असते, कदाचित ३४. मी मांडून बघितलं तर लसवाल्यांचा ९५ टक्के पल्ला, म्हणजे सिस्टरांचा तो सीआय, साधारण ७८ ते ९७ टक्के येतो, आणि नुसत्या गोळीवाल्यांचा १२ ते ३९ टक्के. खरा आकडा या टापूत कुठंही असला तरी हाती आलेली मूठ त्याच्याशी जुळते. सिस्टर, आता दोन्ही टापू शेजारी ठेवा. लसवाल्यांचा खालचा काठ ७८, गोळीवाल्यांचा वरचा काठ ३९. सगळ्यात वाईट धरलं तरी मधे मोठी खिंड राहते.

म्हणून मला पी पेक्षा पल्ला जास्त आवडतो. पी एवढंच सांगते की फरक वाटणीचा दिसत नाही. फरक केवढा आणि त्यात किती ढिलाई, हे पल्ला सांगतो. मूठ मोठी केली की पल्ला आवळतो, पण हळूहळू. निम्मा करायचा तर चौपट पेशंट लागतात.

अंबडचा_पाहुणा
माफ करा, पण माझा अनुभव उलटा आहे. माझ्या भाच्याला ही लस दिली होती, तरी घाम आणि दुखणं थांबायला वीस तास गेले. सिस्टर म्हणतात त्याच अभ्यासात मी वाचलं की बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ लसवाल्यांचा ८ तास आणि दुसऱ्यांचा १७.७ तास, फरक ९.७, आणि पल्ला ६.९ ते १२.४ तास. म्हणजे ९५ टक्के पेशंट निदान सात तास तरी लवकर बरे व्हायला हवेत ना? भाचा त्यात बसत नाही. मग हे आकडे कितपत खरे?

आकडेमोड
भाच्याला त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं, आता बरा असेल अशी आशा. पण तुमची चूक फार जणांची होते, म्हणून स्पष्ट लिहितो. ६.९ ते १२.४ हा पेशंटांचा पल्ला नाही, सरासरीतल्या फरकाचा आहे. मामांच्या भाषेत, पोत्यातल्या डागीचं प्रमाण ६ ते १० टक्क्यांत आहे असं म्हटलं, तर एकेका दाण्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. दाणा एकतर डागी असतो नाहीतर चांगला. पेशंट एकमेकांपासून खूप वेगळे असतात: विष किती गेलं, किती वेळानं आणलं, मूल केवढं. त्या अभ्यासातही लसवाले ३ जण दहा तासांत पूर्ण बरे झालेले नव्हते. तुमचा भाचा त्यांच्यासारखा, अभ्यासाच्या विरुद्ध नाही.

रात्रपाळी
सर, डब्याचं आणि पोत्याचं पक्कं बसलं. आता माझं ४ आणि ५ सांगा. आमचे डॉक्टर म्हणतात, लस दिली तरी बिघडायचे ते बिघडतातच, दोन्हीकडे सारखेच, म्हणून लशीनं जीव वाचण्यात फरक पडत नाही. मला हे खटकतंय पण का ते सांगता येत नाही.

आकडेमोड
तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. हाच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पुन्हा डबा घ्या. आता ७० पैकी ९ चिठ्ठ्यांवर "बिघडला" लिहा. दोन ढीग केले तर नऊची सगळ्यात सारखी वाटणी कुठली? ४ आणि ५. याहून सारखी होऊच शकत नाही, कारण नऊ विषम आहे. म्हणजे प्रत्येक वेळी एवढा किंवा याहून मोठाच फरक दिसणार. इथं पी येते १. बीफार्मदादांच्या नियमानं वाचलं तर "लस बिघाड रोखत नाही हे सिद्ध झालं".

आता पल्ला मांडू. लसवाले ११.४ टक्के, दुसरे १४.३ टक्के, फरक जेमतेम तीन टक्के. पण फरकाचा ९५ टक्के पल्ला मी काढला तर तो असा येतो: शंभर पेशंटांमागं लशीनं १९ जण कमी बिघडतात, इथपासून ते १३ जण जास्त बिघडतात, इथपर्यंत. केवढा रुंद आहे बघा. लस बिघाड निम्म्यावर आणत असेल, तेही यात बसतं. काहीच करत नसेल, तेही बसतं. थोडं नुकसान करत असेल, तेही बसतं. अभ्यासाला या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, कारण बिघडलेले पेशंट मुळात नऊच. अभ्यास आखला होता बरं होण्याच्या वेळेसाठी, आणि त्याला ७० पेशंट पुरले. बिघाड १४ टक्क्यांवरून ७ वर येतो का, एवढं धरायचं, आणि तेही पाचातून चारदा तरी हाती लागावं असं, तर प्रत्येक गटात ३०० च्या आसपास पेशंट लागतील.

"फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" यांत एवढं अंतर आहे. अंधाऱ्या रात्री छोट्या बॅटरीनं गोठा पाहिला आणि विंचू दिसला नाही, तर आपण पोराला तिथं अनवाणी सोडत नाही. आधी विचारतो, बॅटरी केवढी होती. पल्ला म्हणजे बॅटरी केवढी होती ते सांगणारी चीज.

मोंढा
सर, एक शंका. शेतकरी कधी कधी चांगला माल पोत्याच्या तोंडाशी भरतो. वरून नळी मारली तर कितीही मोठी मूठ काढा, अंदाज चुकणारच. मग तुमचा पल्ला काय कामाचा?

आकडेमोड
मामा, एवढा नेमका प्रश्न मला प्रबंध घेऊन येणाऱ्यांनीही क्वचित विचारला. पल्ला फक्त मूठ लहान असल्याची ढिलाई मोजतो. नळी चुकीच्या जागी मारली तर ते त्याला कळत नाही.

महाडच्या अभ्यासात अशा दोन जागा मला दिसतात. एक, कोणाला लस दिलीय हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं. दुखणं थांबलं का, घाम थांबला का, हे ठरवताना माणसाचा कल नकळत एका बाजूला झुकू शकतो. त्यामुळे फरक फुगला असू शकतो. ३२ विरुद्ध ८ हा सगळाच फुगवटा असेल असं मला वाटत नाही, पण ९.७ तासांतले एखाद-दोन तास त्यातले असतील तर नवल नाही. दुसरी जागा, हे सगळे पेशंट एकाच दवाखान्यातले, कोकणातले. आपल्या पठारावरच्या लाल विंचवाचं विष तंतोतंत तसंच आहे का, आपल्याकडचे पेशंट तितक्याच लवकर दवाखान्यात पोचतात का, हे त्या दोन आकड्यांत कुठंही नाही.

सांख्यिकी_लातूर
सर, मी एमएस्सी करतेय. तुम्ही लिहिलंत की खरा आकडा या टापूत कुठंही असला तरी मूठ जुळते. आम्हाला शिकवतात की "खरा आकडा या पल्ल्यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असं म्हणणं चूक. ९५ टक्के हे पद्धतीबद्दल आहे: असेच अभ्यास शंभर वेळा करून शंभर पल्ले काढले तर सुमारे ९५ पल्ल्यांत खरा आकडा सापडेल. हातातला पल्ला त्या ९५ तला की ५ तला, हे सांगता येत नाही. हे इथं सांगायला हवं असं वाटलं.

आकडेमोड
बरोबर आहे, पोरी. म्हणूनच मी ते वाक्य टाळलं.

बीफार्म_नांदेड
पण मग सिस्टरांनी आशाताईंना सांगायचं काय? "पद्धत शंभरातून ९५ वेळा बरोबर" हे त्यांना कसं पटणार? व्यवहारात "बहुतेक खरा आकडा इथंच आहे" असं म्हटलं तर काय बिघडलं?

सांख्यिकी_लातूर
आधीची माहिती धरून हिशेब करण्याची वेगळी पद्धत आहे, तिच्यात तसं म्हणता येतं. पण तो पल्ला वेगळ्या रीतीनं काढलेला असतो. नेहमीच्या पल्ल्याला ते वाक्य चिकटवलं की सोय होते, पण अर्थ बदलतो.

आकडेमोड
यावर माझे गुरुजी आणि त्यांचे मित्र तीस वर्षं भांडले. मी आशाताईंसमोर "बहुतेक इथंच" म्हणेन, आणि परीक्षेच्या पेपरात तुझं वाक्य लिहीन. तुला हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे.

सांख्यिकी_लातूर
नाही पटत, सर. :)

रात्रपाळी
चार दिवसांनी लिहितेय. काल रात्री वॉर्ड शांत होता. चिठ्ठ्यांऐवजी ७० चिंचोके घेतले, ३० वर खडूची रेघ ओढली, किडनी ट्रेमध्ये घालून वर रुमाल टाकला आणि मावशींना ३५ काढायला लावले. बिनरेघांचे सहा वेळा मोजले: २१, १८, २०, २२, १९, २०. सातव्या वेळी मावशीच म्हणाल्या, "सिस्टर, बत्तीस काय येत न्हाई बगा." आशाताईंना मीटिंगमध्ये हेच करून दाखवणार.

आमच्या डॉक्टरांना १९ कमी ते १३ जास्त हा पल्ला कागदावर मांडून दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, मान्य, सारखं आहे असं म्हणता येणार नाही, पण लस जीव वाचवते असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं की गेल्या पावसाळ्यात आपल्याकडे अशी लक्षणं असलेले किती आले. रजिस्टर काढलं. त्यात नुसतं "विंचूदंश" लिहिलंय, घाम, ओकारी, हातपाय गार असं काहीच नोंदवलेलं नाही. परवापासून मी त्यासाठी वेगळा रकाना आखलाय. दंश किती वाजता आणि दवाखान्यात किती वाजता आणलं, हेही लिहितेय. आकडेमोड सर, आणखी काय नोंदवावं ते सांगाल का?